आयईएलटीएस कागदावर द्यायची की संगणकावर? फॉर्म भरण्याआधी घड्याळ लावून बघा

पलूस : आपल्या भागातून बाहेरदेशी शिकायला किंवा नोकरीला जायचं म्हटलं की आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा आडवी येते. फी साधारण अठरा हजारांच्या घरात. त्यामुळे फॉर्म भरताना ‘कागदावर की संगणकावर’ या प्रश्नाशी पोरं अडतात, आणि मित्राने जे घेतलं तेच घेऊन मोकळी होतात.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. दोन्हीकडे प्रश्नांची काठिण्यपातळी एकच, गुणांची पद्धतही एकच. बोलण्याची परीक्षा तर दोन्हीकडे माणसासमोरच, ११ ते १४ मिनिटांची. संगणक घेतला म्हणून मशीनशी बोलावं लागत नाही. तसं पीटीई नावाच्या दुसऱ्या परीक्षेत असतं.

खरा फरक पडतो तो लेखनात. ६० मिनिटांत दोन उत्तरं लिहायची असतात, पहिलं किमान १५० शब्दांचं, दुसरं किमान २५० शब्दांचं. दुसऱ्याला गुणांचं वजन दुप्पट, म्हणून त्याला ४० मिनिटं ठेवतात.

माझ्या पुतण्याचंच सांगतो. पोरगं मोबाईलवर दोन अंगठ्यांनी धडाधड टाईप करतं, म्हणून संगणकच घेणार होतं. मी म्हटलं, आधी बघू तरी. एकाच विषयावर २५० शब्द त्याला एकदा हाताने लिहायला लावले, एकदा कीबोर्डवर. हाताने १७ मिनिटं लागली, कीबोर्डवर ३१. म्हणजे ४० मिनिटांतली विचार करायला आणि तपासायला कागदावर २३ मिनिटं उरली, संगणकावर फक्त ९. वर स्पेलिंगच्या चुका वेगळ्याच. मोबाईल शब्द आपोआप दुरुस्त करून देतो, परीक्षेतला संगणक देत नाही. सराव करतानाही वर्डमधलं स्पेलिंग तपासणं बंद ठेवा, नाहीतर चुका दिसणारच नाहीत.

मग तो रोज तासभर टायपिंगला बसला. पाच आठवड्यांनी तेच काम १६ मिनिटांवर आलं. तेवढं झाल्यावर संगणक फायद्याचा ठरतो, कारण मधला परिच्छेद उचलून वर नेता येतो, शब्द किती झाले ते पडद्यावर दिसतं आणि गिचमिड अक्षराची भीती उरत नाही. ज्याने एमएस-सीआयटीपुरताच कीबोर्ड बघितलाय आणि ज्याची परीक्षा दोन आठवड्यांवर आहे, त्याने मात्र कागद मिळत असेल तर कागदच घ्यावा, असं माझं मत.

ऐकण्याच्या भागातही एक फरक आहे. कागदावर उत्तरं आधी प्रश्नपत्रिकेत लिहायची आणि शेवटी १० मिनिटांत उत्तरपत्रिकेत उतरवायची. उतरवताना एक ओळ चुकली की खालची सगळी उत्तरं घसरतात. संगणकावर उत्तर ऐकता ऐकताच टाईप करायचं, शेवटी तपासायला फक्त २ मिनिटं. बहुतेक पोरं इथंच गडबडतात, कारण टाईप करायला मान खाली गेली की पुढचं वाक्य निसटतं. वाचनाला ६० मिनिटांत ४० प्रश्न असतात. कागदावर पेन्सिलीने रेघ मारता येते, संगणकावर माऊसने ओळ रंगवता येते. त्यात मोठं नुकसान कुणाचंच नाही.

निकालाचं म्हणाल तर संगणकाचा काही दिवसांत हातात येतो, कागदाचा १३व्या दिवशी. कॉलेजची मुदत जवळ असेल तर हाच फरक निर्णायक होतो. पुतण्याने शेवटी संगणक घेतला तो यामुळेच. शिवाय संगणकावर दिलेल्यांना चारपैकी एकच भाग ६० दिवसांच्या आत पुन्हा देता येतो. पण असा निकाल सगळ्या विद्यापीठांना किंवा व्हिसाला चालत नाही. तो चालतो का, हे तिथं ईमेल करून विचारल्याशिवाय या सोयीवर भरवसा ठेवू नका.

आणखी एक. कागदावरची परीक्षा बऱ्याच ठिकाणी कमी होत चालली आहे. भारतात २०२१ पासून ही परीक्षा आयडीपी ही एकच संस्था घेते. तिच्या बुकिंगच्या पानावर आपल्याला सोयीच्या शहरात कागदाची तारीख दिसतेय का ते आधी बघा, मग क्लासची फी भरा. काही क्लासवाले स्वतःकडे संगणक नसल्याने ‘कागदच सोपा’ असं सांगतात, तेही ओळखून असा.

पुण्याचं केंद्र मिळालं तर आदल्या दिवशीच किर्लोस्करवाडीतून रेल्वे धरून मुक्कामाला जावं. सोबत मूळ पासपोर्ट हवाच, आधार कार्डावर आत घेत नाहीत. ज्यांच्याकडे पासपोर्टच नाही त्यांनी कागद-संगणकाचा विचार नंतर करावा, आधी पासपोर्टचा अर्ज टाकावा.