दक्षिण-पश्चिम आफ्रिका ते बार्सिलोना ट्रॅक्शन : सर्व राष्ट्रांप्रती असलेल्या बंधनांचा उदय (१९६६-१९७०)

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय कायदा हा परंपरेने राष्ट्रांच्या संमतीवर उभा आहे. जे राष्ट्र करार करते ते त्याने बांधले जाते आणि करारभंग झाल्यास ज्याचे नुकसान झाले त्यानेच दाद मागावयाची असते. या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. एखादे सरकार आपल्याच ताब्यातील जनतेवर अन्याय करू लागले, तर अन्य कोणत्याही राष्ट्राचे ‘नुकसान’ होत नाही. मग तक्रार कोणी करावी? हा प्रश्न १९६६ साली हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर कसा आला आणि अवघ्या चार वर्षांत त्याचे उत्तर कसे बदलले, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

१९६६ चा निवाडा

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीची दक्षिण-पश्चिम आफ्रिका ही वसाहत राष्ट्रसंघाने १९२० साली मँडेट म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या कारभाराखाली दिली. तेथील रहिवाशांचे कल्याण साधणे ही मँडेटची अट होती. प्रत्यक्षात तेथे वर्णभेदाचे धोरण लागू झाले. इथिओपिया आणि लायबेरिया या राष्ट्रसंघाच्या दोन माजी सदस्यांनी ४ नोव्हेंबर १९६० रोजी दावा दाखल केला. दाव्याची सुनावणी करण्याचा अधिकार आपणास आहे, असे न्यायालयाने १९६२ मध्ये आठ विरुद्ध सात मतांनी मान्य केले.

परंतु १८ जुलै १९६६ रोजी न्यायाधीशांची मते सात-सात अशी विभागली गेली आणि अध्यक्ष सर पर्सी स्पेंडर यांच्या निर्णायक मताने दावा फेटाळण्यात आला. मँडेटच्या या अटींचे पालन करवून घेण्यात वादी राष्ट्रांचा स्वतःचा कायदेशीर हक्क वा हितसंबंध नाही, असे कारण देण्यात आले. समाजातील कोणाही घटकाने सार्वजनिक हितासाठी दावा लावावा, ही कल्पना काही देशांच्या अंतर्गत कायद्यात असली तरी आंतरराष्ट्रीय कायद्यास ती परिचित नाही, असे न्यायालयाने म्हटले. वर्णभेदाचे धोरण कायदेशीर आहे की नाही, या मूळ प्रश्नाचा निर्णय झालाच नाही. आफ्रिकी आणि आशियाई राष्ट्रांत याची तीव्र प्रतिक्रिया उमटली. त्याच वर्षी २७ ऑक्टोबर रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मँडेट संपुष्टात आल्याचे जाहीर केले.

‘युस कोजेन्स’ची व्याख्या

२२ मे १९६९ रोजी स्वीकारलेल्या करारविषयक व्हिएन्ना कराराच्या कलम ५३ ने ‘युस कोजेन्स’ म्हणजे अनुल्लंघनीय नियमांची व्याख्या केली. समग्र आंतरराष्ट्रीय समुदायाने ज्यापासून ढळण्याची मुभा नाही असे मानले आहे, तो हा नियम. त्याच्या विरुद्ध केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो. मात्र कोणते नियम या कोटीतील, याची यादी कलमात नव्हती आणि भंग झाल्यास तक्रार कोणी करावी हेही त्यात नव्हते.

१९७० चा निवाडा

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका व्यापारी खटल्यात अनपेक्षितपणे मिळाले. बार्सिलोना ट्रॅक्शन ही वीजकंपनी कॅनडात नोंदलेली, स्पेनमध्ये काम करणारी होती. तिचे बरेच भागधारक बेल्जियन होते. १९४८ मध्ये स्पेनमध्ये तिला दिवाळखोर ठरविल्यावर बेल्जियमने दावा लावला. ५ फेब्रुवारी १९७० रोजी न्यायालयाने तो फेटाळला, कारण कंपनीच्या वतीने बोलण्याचा हक्क कॅनडाचा होता. पण हे सांगताना न्यायालयाने एक भेद केला. परकीय गुंतवणुकीविषयीचे बंधन विशिष्ट राष्ट्राप्रती असते. याउलट आक्रमण व वंशसंहार यांची मनाई, तसेच गुलामगिरी व वांशिक भेदभाव यांपासून संरक्षण ही बंधने ‘एर्गा ओम्नेस’, म्हणजे सर्वांप्रती असतात आणि त्यांच्या पालनात सर्व राष्ट्रांचा कायदेशीर हितसंबंध असतो. निकालासाठी हे भाष्य आवश्यक नव्हते. म्हणूनच १९६६ च्या निवाड्याची ही अप्रत्यक्ष दुरुस्ती होती, असे अनेक अभ्यासक मानतात.

येथे दोन संकल्पनांतील फरक लक्षात घ्यावा. पहिली नियमाचे बळ सांगते, तर दुसरी नियम कोणाप्रती लागू आहे हे सांगते. ज्या नियमातून दोन राष्ट्रे आपापसात करार करूनही सुटू शकत नाहीत, त्याचे पालन केवळ त्या दोघांचा खाजगी व्यवहार राहत नाही.

मर्यादा आणि पुढील वाटचाल

हितसंबंध असणे आणि न्यायालयाला अधिकार असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्व तिमोर खटल्यात (१९९५) न्यायालयाने स्वयंनिर्णयाचा हक्क सर्वांप्रती असल्याचे मान्य केले, तरीही संमती न दिलेल्या इंडोनेशियाच्या वर्तनाचा निर्णय देण्यास नकार दिला. काँगो विरुद्ध रवांडा खटल्यात (२००६) नियम अनुल्लंघनीय आहे एवढ्याने अधिकारक्षेत्र निर्माण होत नाही, असे स्पष्ट झाले. म्हणून अधिकार देणारे करारातील कलम शोधावे लागते. ते वंशसंहार कराराच्या कलम ९ मध्ये असल्यामुळेच गांबियाने २०१९ मध्ये म्यानमारविरुद्ध दावा लावला. रोहिंग्यांवरील अत्याचारांची थेट झळ गांबियास लागली नव्हती; तरी २२ जुलै २०२२ रोजी न्यायालयाने त्याचा दावा लावण्याचा हक्क मान्य केला.

निष्कर्ष

इथिओपिया व लायबेरियास १९६६ मध्ये जे नाकारले गेले, ते गांबियास २०२२ मध्ये मिळाले. मात्र संमतीचे तत्त्व नाहीसे झालेले नाही. नियमातून कोणत्याही राष्ट्राला बाहेर पडता येत नाही, पण न्यायालयाच्या दारापासून दूर राहणे त्याला अजूनही शक्य आहे.