दहा टक्क्यांची पथदर्शी चाचणी

नर्सिंगच्या प्रबंधांत एक वाक्य हमखास भेटतं: नमुन्याच्या दहा टक्क्यांवर पथदर्शी अभ्यास केला, साधन विश्वसनीय आणि अभ्यास व्यवहार्य आढळला. त्यामागचा युक्तिवाद असा, की तज्ज्ञांनी प्रश्नावली तपासली, गुणांक ०.८ आला, मग बदलायचं काय? तज्ज्ञांची तपासणी हवीच. विषयाचा एखादा भाग सुटला का, हे तेच सांगू शकतात. पण प्रश्न ऐकणाऱ्याला काय वाटतं, हे त्यांना कळायला मार्ग नाही.

विट्याचंच उदाहरण घेऊ. समजा, इथल्या ६० यंत्रमाग कामगारांना कानाच्या संरक्षणाची कितपत माहिती आहे, हे पाहायचं आहे. दहा टक्के म्हणजे सहा जण. त्यांना दोनदा प्रश्न विचारले आणि दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध ०.८ आला. सहाच जणांवर काढलेल्या या आकड्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा जवळपास शून्यापासून ०.९८ पर्यंत पसरते. म्हणजे साधन उत्तम असेल किंवा अगदीच कुचकामी, दोन्ही शक्यता उरतात. तीस जण घेतले तर तीच मर्यादा साधारण ०.६२ ते ०.९० वर येते. एकूण नमुना किती, याच्याशी या हिशेबाचा काडीचा संबंध नाही. दहा टक्क्यांना आधार रूढीचाच.

मग ते सहा जण निरुपयोगी? मुळीच नाही, त्यांना वेगळं काम द्यावं. ‘कानात बोळे न घातल्यास बहिरेपण येत नाही: बरोबर की चूक?’ हा प्रश्न वाचून दाखवावा आणि लगेच विचारावं, ‘तुम्ही काय समजलात, तुमच्या शब्दांत सांगा.’ कुणी म्हणेल, ‘बरोबर, येतंच की बहिरेपण.’ माहिती पक्की, गुण शून्य! ‘आवाजाचा त्रास होतो का?’ याला ‘नाही’ म्हणणारा माणूस घरी टीव्ही मोठ्यानं लावत असू शकतो. सवय झाली की त्याला तो त्रास वाटत नाही. म्हणून ‘शेजारच्याशी बोलताना ओरडावं लागतं का?’ असं विचारावं. गुणांकाला यातलं काही दिसत नाही. चुकीचा समज दोन्ही वेळा तोच राहिला, तर गुणांक उलट वाढतोच.

प्रश्न बदलले की ते नव्या पाच-सहा जणांना विचारावेत. दुरुस्तीतूनही नवा घोटाळा निघतो. व्यवहार्यतेचंही तसंच. मागावरचा माणूस कापडाच्या मापावर मजुरी घेत असेल, तर चालू पाळीत त्याची वीस मिनिटं घेणं म्हणजे त्याच्या मजुरीला हात घालणं. तो घाईत काहीतरी सांगून मोकळा होतो. मुलाखत पाळी सुटल्यावर, शेडबाहेर घ्यावी. प्रबंधाच्या मुदतीत हे बसत नाही, हा आक्षेप मला पटत नाही. समजुतीच्या फेऱ्या चार-पाच दिवसांत उरकतात. सहसंबंधासाठी तीस जण मिळत नसतील, तर तो आकडा मर्यादेसकट छापावा. आणि दुरुस्तीआधीची उत्तरं मुख्य अभ्यासात मिसळू नयेत, कारण ती वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.