बायोडेटातील ‘डायनॅमिक’ शब्दाचे काय करावे?

बायोडेटाच्या आरंभी तीन-चार ओळींचा व्यावसायिक परिचय लिहिण्याची पद्धत आहे. या ओळींत पॅशनेट, डायनॅमिक, रिझल्ट-ड्रिव्हन ही विशेषणे हमखास आढळतात. ‘लिंक्डइन’ या संकेतस्थळाने डिसेंबर २०१०मध्ये सदस्यांच्या परिचयांतील अतिवापराच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा भारतात ‘डायनॅमिक’ अग्रस्थानी होता. जो शब्द प्रत्येक अर्जात असतो, त्यावरून उमेदवारांची निवड करता येत नाही, ही खरी अडचण आहे.

विशेषण नुसते खोडून भागत नाही. त्यामागे दडलेली घटना शोधावी लागते. ‘पॅशनेट’ लिहिणाऱ्याने कोणी न सांगता आपण काय केले, हे आठवावे. ‘डायनॅमिक’साठी कोणता बदल झाला आणि आपण तो कसा निभावला, हे पाहावे. ‘रिझल्ट-ड्रिव्हन’साठी कोणता आकडा, किती काळात, कुठून कुठे गेला, याचे उत्तर हवे.

एक उदाहरण घेऊ. समजा, कर्जत तालुक्यातील पोशीरचा एक तरुण आयटीआय झालेला फिटर असून खोपोली परिसरातील कारखान्यात चार वर्षे देखभाल विभागात आहे. त्याचा मूळ परिचय असा : ‘कामाविषयी पॅशनेट, डायनॅमिक व रिझल्ट-ड्रिव्हन फिटर.’ वरील प्रश्नांची उत्तरे दिल्यावर तोच परिचय असा होतो : ‘आयटीआय फिटर, देखभालीचा चार वर्षांचा अनुभव. १२ हायड्रॉलिक प्रेसची जबाबदारी. तेलगळतीच्या नोंदी स्वतःहून ठेवून सील बदलण्याचे वेळापत्रक सुचविले. चौघांच्या गटाने ते राबविल्यावर प्रेस बंद राहण्याचा काळ सहा महिन्यांत दरमहा सरासरी ९ तासांवरून ४ तासांवर आला. नवीन प्रेस आल्यावर दोन मदतनिसांना ती चालविण्यास शिकविले.’ तिन्ही विशेषणे गेली, पण त्यांचा आशय उरला.

येथे ‘चौघांच्या गटाने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गटाचे श्रेय एकट्याने घेतल्यास मुलाखतीतील दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते. आकडाही लॉगबुकातून काढलेला असावा. ‘हा काळ कसा मोजला?’ याचे उत्तर देता येत नसेल, तर तो लिहू नये. उत्पादनाचे किंवा विक्रीचे आकडे कंपनी गोपनीय मानत असेल, तर कामाची व्याप्ती सांगावी : किती यंत्रे, किती माणसे, कोणती पाळी. नवख्या उमेदवाराने शिकाऊ उमेदवारीतील एखादे पूर्ण केलेले काम लिहावे.

मात्र खोडताना पदाचे, यंत्राचे किंवा संगणकप्रणालीचे नाव काढू नये. अर्ज चाळताना आणि संकेतस्थळावर उमेदवार शोधताना याच शब्दांचा उपयोग होतो.

शेवटी प्रत्येक वाक्यापुढे शेजारच्या सहकाऱ्याचे नाव ठेवून पाहावे. वाक्य त्यालाही तंतोतंत लागू पडत असेल, तर ते अजून पुरेसे ठोस झालेले नाही.