कॉलशीटची कुळकथा

चित्रीकरणाच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक कलाकाराच्या आणि तंत्रज्ञाच्या हाती जो कागद पडतो, ज्यावर कोणी किती वाजता कुठे हजर व्हायचे, कोणते सीन घ्यायचे आणि कोणती प्रॉपर्टी लागणार हे लिहिलेले असते, त्याला कॉलशीट म्हणतात. या कागदाचे मूळ रंगभूमीत आहे. इंग्लंडमधील नाटकगृहांत नटांच्या प्रवेशद्वाराजवळ तालमीच्या वेळा लावलेला फलक असे, आणि तेथील ‘कॉल’ म्हणजे नटाला दिलेले बोलावणे. अमेरिकेत १९१० नंतरच्या दशकात टॉमस इन्स यांच्यासारख्या निर्मात्यांनी पटकथेवरून चित्रीकरण आधीच आखण्याची रीत पाडली, आणि त्या आखणीतला एकेक दिवस कागदावर उतरवण्याचे काम साहाय्यक दिग्दर्शकाकडे आले.

महाराष्ट्रात मात्र आरंभी अशा कागदाची निकड फारशी नव्हती. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) केला तेव्हा घर आणि स्टुडिओ हे जवळपास एकच होते, आणि सरस्वतीबाई फाळके मंडळींचा स्वयंपाक सांभाळून चित्रपटाच्या तांत्रिक कामातही हात लावत. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यात गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीतही नट, सुतार, रंगारी, छायालेखक हे सारे पगारी नोकर असून एकाच आवारात काम करत. स्टुडिओंची ही व्यवस्था मोडली, नट एकाच वेळी अनेक चित्रपटांत शिफ्टवर काम करू लागले, कॅमेरा आणि दिवे भाड्याने येऊ लागले, तेव्हा परस्परांना न ओळखणारी माणसे एका दिवसापुरती एकत्र आणण्याचा प्रश्न उभा राहिला; कॉलशीटमध्ये संपर्क क्रमांकांचा रकाना इतका महत्त्वाचा होण्याचे कारण हेच असावे. चित्रीकरण स्टुडिओच्या छपराखालून रस्त्यावर आले, तेव्हा पावसाच्या पर्यायाचा रकानाही अटळ झाला.

हा शेवटचा रकाना कसा भरतात, हे छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातील एका काल्पनिक लघुपटाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. जुलैच्या मध्यातला दिवस आहे. सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. सीन १२ मध्ये वडील मुलीला सायकलवरून संत एकनाथ रंगमंदिराजवळच्या रस्त्याने शाळेत सोडतात, तर सीन १९ मध्ये मुलगी आणि आजी जवळच्याच एका घराच्या स्वयंपाकघरात बोलत बसतात. पहिला शॉट साडेसातला घ्यायचा असेल तर वेळा तेथून उलट मोजत आणाव्या लागतात: मेकअप आणि कपड्यांना पाऊण तास धरून कलाकारांना साडेसहाची वेळ, कॅमेरा विभागाला सव्वासहाची, आणि सायकल, दप्तर व डबा घेऊन येणाऱ्या कला विभागाला सहाची. सर्वांना एकच वेळ देणे सोपे खरे, परंतु त्यामुळे निम्मी माणसे ताटकळत बसतात.

सकाळी पाऊस असल्यास सीन १२ च्या जागी सीन १९ घ्यायचा, असा पर्याय या कागदावर असतो. अशा राखीव अंतर्गत जागेला कव्हर सेट म्हणतात. येथे नेहमी होणारी चूक अशी की, सीनचा क्रमांक लिहिला जातो, पण आजीची भूमिका करणाऱ्या कलावतीचे नाव त्या दिवसाच्या यादीत नसते, किंवा तिच्या सीनचा स्टोव्ह आणि भांडी दुसऱ्याच दिवसाच्या सामानात बांधलेली असतात. मग पर्याय कागदावरच राहतो. म्हणून तिला ‘राखीव’ अशी खूण करून वेळ द्यावी लागते, आणि तिची प्रॉपर्टी सकाळीच घरात पोहोचवावी लागते. घराचे छप्पर पत्र्याचे असेल, तर पावसाच्या माऱ्यात संवादांचे ध्वनिमुद्रण होत नाही, हेही आदल्या दिवशीच पाहायचे असते. शिवाय बाहेरचे सगळे सीन होईपर्यंत कव्हर सेटचा सीन उरवून ठेवणे आवश्यक असते. कोरड्या दिवशी तो उरकला तर पुढच्या पावसात घेण्यासारखे काहीच हाती राहत नाही.

अर्धा सीन कोरड्या रस्त्यावर झाल्यावर सर आली, तर अडचण अधिक अवघड होते, कारण पाऊस थांबला तरी ओला डांबरी रस्ता पडद्यावर काळा आणि चकचकीत दिसतो आणि आधीच्या शॉटशी जुळत नाही. अशा वेळी थांबायचे की घरात जायचे, हे रस्त्यावर उभे राहून सर्वजण मिळून ठरवू लागले की तासभर सहज जातो. त्यामुळे उदाहरणातील कागदावर ‘सकाळी सातला पाऊस असेल तर सीन १९, निर्णय साहाय्यक दिग्दर्शकाचा’ असे स्पष्ट लिहिलेले असावे. निर्णयाची वेळ आणि निर्णय घेणारी व्यक्ती ज्या कॉलशीटवर नाही, ती पावसाळ्यासाठी अपुरी समजावी.