विंडोजच्या पोटात लिनक्स: दुभाष्या गेला, शेजारी आला

कॉलेजच्या ग्रुपवर एक तक्रार हमखास येते. "लॅपटॉप नवा आहे, विंडोजमध्ये लिनक्स टाकलंय, तरी `npm install` संपता संपत नाही." दोष लॅपटॉपचा नसतो. कारण समजायला दहा वर्षं मागे जाऊया.

२०१५ साली मायक्रोसॉफ्ट एक खटपट करत होती, प्रोजेक्ट अस्टोरिया. अँड्रॉइडची अॅप्स विंडोजच्या फोनवर चालवायची होती. अँड्रॉइडच्या खाली लिनक्सचा कर्नल असतो, त्यामुळे विंडोजला लिनक्सची भाषा कळणं भाग होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही योजना गुंडाळली गेली, पण भाषा शिकवण्याचं काम वाया गेलं नाही. ३० मार्च २०१६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल्ड परिषदेत त्यातूनच डब्ल्यूएसएल जाहीर झालं. उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी सोबत होती.

आता गंमत बघा. त्या पहिल्या डब्ल्यूएसएलमध्ये लिनक्सचा कर्नल नव्हताच! कुठल्याही प्रोग्रॅमला फाइल उघडायची असली, की तो कर्नलकडे अर्ज करतो. त्याला सिस्टिम कॉल म्हणतात. इथे लिनक्सचा प्रोग्रॅम लिनक्सच्या भाषेत अर्ज करायचा आणि मधला दुभाष्या तो विंडोजच्या कर्नलला समजावून सांगायचा.

कल्पना सुंदर, पण दोन ठिकाणी अडली. एक म्हणजे वेग. फाइलची नुसती माहिती विचारणं लिनक्सवर स्वस्त असतं. विंडोजवर त्यासाठी बऱ्याचदा फाइल उघडा, विचारा, बंद करा असे तीन हेलपाटे पडतात, शिवाय वाटेत अँटीव्हायरससारखे पहारेकरी. `npm install` हजारो बारीक फाइली हाताळतं, म्हणजे हजारो वेळा हेच. दुसरी अडचण, दुभाष्याला न येणारे शब्द. डॉकरचं इंजिन कर्नलच्या ज्या खास सोयींवर चालतं, त्या इथे नव्हत्या. लिनक्स दरवर्षी वाढणार आणि दुभाष्या कायम मागे धावणार.

म्हणून मे २०१९ मध्ये डब्ल्यूएसएल २ जाहीर करताना मायक्रोसॉफ्टने भाषांतर सोडून दिलं. एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये खराखुरा लिनक्स कर्नलच बसवला. फाइलींसाठी लिनक्सच्या पद्धतीची वेगळी व्हर्च्युअल डिस्क दिली. मे २०२० मध्ये ते सगळ्यांच्या हातात आलं. `git clone`, `npm install` अशी कामं २ ते ५ पट वेगाने होतात, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं. डॉकरही चालू लागलं.

मग तुमचं अजून हळू का? कारण अडथळा संपला नाही, त्याची जागा बदलली. आता दोन वेगळी घरं आहेत आणि मध्ये भिंत. लिनक्सने आपल्या डिस्कवरची फाइल मागितली तर लगेच मिळते. पण `/mnt/c`, म्हणजे तुमचा सी ड्राइव्ह, भिंतीपलीकडे आहे. तिथल्या प्रत्येक फाइलसाठी मागणी भिंत ओलांडून जाते आणि उत्तर परत येतं. या एका बाबतीत नवं डब्ल्यूएसएल जुन्यापेक्षाही हळू आहे!

तपासून बघा. आधी पॉवरशेलमध्ये:

```
wsl -l -v
```

VERSION खाली 2 दिसायला हवं. मग लिनक्सच्या खिडकीत, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये उभं राहून:

```
pwd
which npm
```

पहिलं उत्तर `/mnt/c/Users/...` असं आलं, तर प्रोजेक्ट भिंतीपलीकडे आहे. दुसरं उत्तर `/mnt/c` ने सुरू झालं, तर तुम्ही चक्क विंडोजचाच npm चालवताय. मग लिनक्समध्ये नोड वेगळं टाकून घ्या.

प्रोजेक्ट हलवायचा तर आधी सगळे बदल कमिट करून पुश करा. मग:

```
mkdir -p ~/code
cd ~/code
```

इथे `git clone` नव्याने करा, मग `cd` ने प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन `npm install` चालवा. जुनं `node_modules` उचलून आणू नका, त्यातली काही पॅकेजेस विंडोजसाठी तयार झालेली असतात. फाइली विंडोजमधून बघायच्या असतील तर त्याच फोल्डरमध्ये `explorer.exe .` टाइप करा, नेहमीची खिडकी उघडेल.

आणि हो, काम खरंच दोन्हीकडून सारखं लागणारं असेल, म्हणजे एखादं विंडोजचं सॉफ्टवेअर त्याच फाइली सतत उघडत असेल, तर त्या सी ड्राइव्हवरच ठेवून जुनं डब्ल्यूएसएल १ वापरणं आजही शहाणपणाचं ठरू शकतं. दुभाष्याला अजून निवृत्त केलेलं नाही.

मे २०२५ मध्ये डब्ल्यूएसएलचा बराचसा सोर्स कोड खुला झाला. गिटहबवर या प्रकल्पात नोंदवलेला पहिलाच प्रश्न होता, हे ओपन सोर्स होणार का? त्याला नऊ वर्षांनी 'हो' मिळालं. दुभाष्याचा मूळ कोड मात्र तेव्हाही बंदच राहिला.

चला, आता `pwd` टाइप करून बघा. भेटूया पुढच्या भागात!