लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी: सुपारी फुटण्यापूर्वी काय बोलावे?

सात रस्त्यावरच्या माझ्या दवाखान्यात लग्न ठरलेली मुले-मुली येतात, तेव्हा साखर आणि रक्तगट तपासलेला असतो. थॅलेसेमियाची तपासणी मात्र बहुतेकांनी केलेली नसते.

थॅलेसेमिया मायनर म्हणजे आजार नव्हे. ती व्यक्ती फक्त वाहक असते आणि तिला सहसा काही त्रास नसतो. दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर मात्र प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा बाळाला साधारण दर ३-४ आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. नात्यातल्या लग्नात, उदाहरणार्थ मामाच्या मुलीशी, दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते.

समजा, मुलीचे हिमोग्लोबिन १०.४ आहे. वर्षभर लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वाढत नाही. सीबीसीमध्ये एमसीव्ही ६२ आहे, म्हणजे लाल पेशी लहान आहेत. पण त्यांची संख्या ५६ लाख, म्हणजे भरपूर आहे. लोहाच्या कमतरतेत ही संख्या सहसा कमी होते. म्हणून एचपीएलसी तपासणी करायची. त्यात हिमोग्लोबिन ए-२ हे ५.२ टक्के आले. साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असल्यास ती व्यक्ती वाहक मानतात.

आता मुलाची तीच तपासणी करावी. तो वाहक नसेल, तर मुलांना मेजर होण्याची भीती जवळजवळ राहत नाही. मुलगा सिकलसेलचा वाहक निघाला, तरीही बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. विदर्भ आणि नंदुरबारकडे सिकलसेल जास्त आढळतो.

तपासणी दोन कारणांनी फसू शकते. लोह खूप कमी असेल तर ए-२ खोटे कमी दिसते. नुकतेच रक्त चढवले असेल तर अहवाल भरवशाचा नसतो. तीन महिने थांबावे.

हे सांगायचे कधी? पसंती झाल्यावर, पण सुपारी फुटण्याआधी. आधी मुला-मुलीने एकमेकांशी बोलावे, मग वडीलधाऱ्यांना सांगावे. "मी थॅलेसेमिया मायनर आहे, मला त्रास नाही, पण तुझीही तपासणी हवी," एवढे पुरे. अहवाल दाखवा. मुलीकडच्यांनीच सांगायचे, असे नाही. वाहक मुलगाही असू शकतो.

दोघेही वाहक निघाले, तरी लग्न मोडलेच पाहिजे असे नाही. गरोदरपणाच्या ११ ते १३ व्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते. त्यासाठी दोघांच्या जनुकातला दोष आधीच शोधलेला असावा लागतो. म्हणून लग्न ठरवतानाच जनुकतज्ज्ञांना भेटा. लपवले, तर हा वेळच हातातून जातो.

मधुमेह, फिट्स, थायरॉइड किंवा मानसिक आजाराची गोळी चालू असेल, तर तेही याच बैठकीआधी सांगा. लग्नानंतर गोळ्या लपवण्यासाठी त्या बंद करणे सर्वात धोक्याचे. फिट्सच्या गोळ्या अचानक थांबवल्या की झटका येऊ शकतो.