शिरपूरच्या मातीत शेततळे : मापाचे आणि अस्तराचे गणित

धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुका राज्याला परिचित झाला तो नाल्यांमुळे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी आमदार अमरीश पटेल यांच्या पाठबळावर २००४ पासून येथे नाले रुंद व खोल करून त्यांवर साखळी बंधारे बांधण्याचे काम हाती घेतले. पुढे ते 'शिरपूर पॅटर्न' म्हणून ओळखले गेले. त्या कामामागचे निरीक्षण साधे होते. तापीकाठच्या गाळाच्या प्रदेशात पिवळ्या चिकणमातीचे जाड थर आहेत आणि त्यांच्या अधूनमधून वाळूचे थर आहेत. चिकणमाती पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणून ती भेदून वाळूपर्यंत पोहोचल्याशिवाय भूजल वाढत नाही.

शेततळ्याचे काम नेमके याच्या उलट आहे. नाल्यातील पाणी जमिनीत मुरवायचे असते, तर शेततळ्यातील पाणी पावसाने ओढ दिली की पिकाला एक-दोन संरक्षित पाळ्या देण्यासाठी अडवून ठेवायचे असते. अशा वेळी चिकणमाती उपयोगाची ठरेल, असे वाटते. परंतु तीन मीटर खोदताना मध्येच वाळूचा पट्टा लागला, तर तळे चाळणीसारखे गळते. तालुक्याच्या ज्या भागात मुरूम आणि फुटलेला काळा पाषाण आहे, तेथेही पाणी टिकत नाही. त्यामुळे अस्तराचा निर्णय तालुक्यावरून नव्हे, तर खड्ड्यात प्रत्यक्ष काय दिसते त्यावरून घ्यावा लागतो. त्यासाठी नियोजित जागी आधी तीन मीटरचा चाचणी खड्डा घेणे स्वस्त पडते.

मापाच्या बाबतीत होणारी नेहमीची चूक म्हणजे आधी खड्डा ठरवणे आणि मग पाणी शोधणे. वास्तविक तळ्याचे माप त्याच्याकडे वाहून येणाऱ्या पाण्यावरून ठरते. अडीच हेक्टर क्षेत्राचे पाणी एका कोपऱ्याकडे उतरते, असे समजू. ६०० मिलिमीटर पावसाच्या वर्षी लागवडीखालील जमिनीवरून साधारण १५ टक्के पाणी वाहते, असे धरले तर २,२५० घनमीटर पाणी मिळते. आता पाऊस ४०० मिलिमीटरवर आला तर? पाऊस एक तृतीयांशाने घटला, तरी वाहणारे पाणी त्याहून कितीतरी अधिक घटते. कारण तहानलेली जमीन आधी आपला वाटा घेते. प्रमाण ८ टक्के धरल्यास हाती येते केवळ ८०० घनमीटर. म्हणजे ज्या वर्षी तळ्याची खरी गरज असते, त्याच वर्षी ते अर्धे रिकामे राहते. तळ्याच्या तोंडावर थेट पडणारा पाऊस या हिशेबात धरलेला नाही. पावसाळ्यातील बाष्पीभवन जवळपास तितकेच पाणी नेते.

'मागेल त्याला शेततळे' या २०१६ च्या योजनेतील सर्वांत मोठे माप ३० बाय ३० बाय ३ मीटरचे होते. उतार एकास एक ठेवला तर त्यात २,१९६ घनमीटर पाणी मावते. मात्र गाळाच्या भुसभुशीत मातीत एवढा खडा उतार ढासळतो. दीडास एक, म्हणजे एक मीटर खोलीला दीड मीटर आडवा, असा उतार ठेवला तर तळ २१ बाय २१ मीटरचा उरतो आणि क्षमता सुमारे १,९७० घनमीटरवर येते. वरचे ३० सेंटिमीटर मोकळे सोडले की प्रत्यक्ष साठा १,७०० घनमीटर. पावसाळा संपल्यावर दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर दोन महिन्यांत सुमारे २५० घनमीटर पाणी उडून जाते. उरलेल्या १,४५० घनमीटरचे काय होईल?

एक हेक्टरला ५ सेंटिमीटरची पाळी म्हणजे ५०० घनमीटर. ठिबकमधील घट धरून ५५०. म्हणजे सव्वा हेक्टर, अर्थात तीन एकर कापसाला बोंडे भरण्याच्या काळात दोन पाळ्या. त्यासाठी भरावासह सुमारे १६ गुंठे जमीन कायमची अडकते. शहरी वाचकाला हा आकडा लहान वाटेल; पाच एकरांच्या धन्याला तो लहान नसतो. उलट २० बाय २० मीटरच्या तळ्यात सुमारे ७४० घनमीटर पाणी मावते आणि ४०० मिलिमीटरच्या वर्षीही ते भरण्याची शक्यता असते. जमीन थोडी असेल, तर धाकटे तळेच शहाणपणाचे.

अस्तरासाठी साधारणपणे ५०० मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा कागद वापरतात. विणलेल्या व लेप दिलेल्या कागदासाठी 'आयएस १५३५१' हे भारतीय मानक आहे. वरील मोठ्या तळ्याला केवळ ९०० चौरस मीटर कागद पुरत नाही. तळ २१ मीटर, दोन्ही बाजूंचे उतार मिळून सुमारे ११ मीटर आणि काठावरील चरात पुरण्यासाठी दोन्हीकडे सव्वा-सव्वा मीटर धरले, तर बाजू ३४ मीटरच्या पुढे जाते. म्हणजे जवळपास १,१८० चौरस मीटर कागद लागतो.

कागद फाटण्याचे कारण बहुधा कागदाखाली असते. टोकदार खडा, कापलेल्या झुडपाचे खुंट, उंदराचे बीळ यांपैकी काहीही पाण्याच्या भाराखाली कागदाला भोक पाडते. म्हणून उतार व तळ दाबून त्यावर चाळलेल्या मातीचा थर देतात. कागद भर उन्हात ताणून बसवला, तर रात्री आखडून सांध्यावर ताण येतो; तो सकाळी, थोडा सैल सोडून अंथरावा. उन्हाळ्यात तळे अगदी कोरडे ठेवले, तर वारा कागद उचलतो आणि ऊन त्याचे आयुष्य कमी करते.

गळती ओळखण्याची एक सोपी रीत आहे. पाण्याने अर्धी भरलेली बादली तळ्यातच वजन ठेवून उभी करावी आणि बादलीतील व बाहेरील पातळी यांवर खूण करावी. तीन-चार दिवसांनी दोन्ही सारख्या उतरल्या तर ते बाष्पीभवन. तळ्याची पातळी अधिक उतरली तर ती गळती. पातळी ज्या उंचीवर येऊन तशी उतरायची थांबते, त्याच उंचीच्या जवळपास छिद्र शोधावे.

शेवटी काठाकडे पाहावे. पावसाचे पाणी घेणाऱ्या तळ्याच्या भरावाला येण्याची वाट असते, तिच्या अलीकडे गाळ थांबवणारा खड्डा असतो आणि जास्तीचे पाणी जाण्यास सांडवा असतो. चारही बाजूंनी उंच भराव असलेल्या, वाट नसलेल्या तळ्यात पाऊस वाहून येऊच शकत नाही; ते कूपनलिकेनेच भरावे लागते. राज्यात अशी तळी ठिकठिकाणी दिसतात. तेथे जमिनीखालचे पाणी वर काढून उन्हात ठेवले जाते आणि त्याचा मोठा भाग पिकापर्यंत न पोहोचता उडून जातो. शिरपूरच्या नाल्यांनी वाळूच्या थरात जे पाणी भरले, ते अशा तळ्यांनी उपसले तर मुरवणीचा हिशेब उलटा फिरतो. वाट असलेले तळेही निसरडे असते. प्लॅस्टिकच्या उतारावरून माणसाला वर चढता येत नाही. त्यामुळे चारही बाजूंना गाठी मारलेले दोर पाण्यात सोडलेले असावेत आणि काठाला जाळीचे कुंपण असावे.